फिरत्या तबकडीवरचं घसरतं नाणं: आभासी बलं कशी मोजायची, पायरी पायरीने

रेकॉर्ड प्लेअरच्या टर्नटेबलवर एक नाणं ठेवा आणि तबकडी फिरवा. नाणं घसरलं की बघणाऱ्यांत हमखास वाद होतो. एक म्हणतो नाणं स्पर्शिकेच्या दिशेने गेलं, दुसरा म्हणतो सरळ बाहेर फेकलं गेलं, तिसरा म्हणतो मागे वळत गेलं. गंमत म्हणजे तिघंही काही चुकीचं बघत नसतात, फक्त कोण कुठे उभं राहून बघतोय हे कुणी आधी ठरवलेलं नसतं. त्यात पहिल्याचं म्हणणं तर घर्षण नसेल तरच खरं असतं आणि आपल्या नाण्याला घर्षण आहेच, ते कसं फरक पाडतं ते पुढे आकड्यांतच दिसेल.

हा लेख ज्यांनी अपकेंद्री बल आणि कोरिऑलिस बल ही नावं ऐकलीत पण स्वतः कधी गणित करून पाहिलं नाही त्यांच्यासाठी आहे. एकच नाणं घेऊ, एकच तबकडी घेऊ, आणि ते घसरायला लागल्यापासून काठावर पोचेपर्यंत काय होतं ते शेवटच्या मिलिमीटरपर्यंत काढू.

आधी सामान नीट लावा

टर्नटेबलचा टोनआर्म स्टँडवर लॉक करा आणि सुईला कव्हर घाला, नाणं उडून सुईवर आदळलं तर प्रयोग महाग पडेल. वरची फेल्टची मॅट काढून टाका कारण ती प्लॅटरवर स्वतःच सरकते आणि मग नक्की कोण घसरतंय ते कळत नाही. त्याजागी गुळगुळीत कार्डशीटचा गोल कापून चारी बाजूंनी टेपने पक्का चिकटवा. आपण कार्डची त्रिज्या १५ सेंटिमीटर धरू, म्हणजे १२ इंची रेकॉर्डएवढी. कार्डवर मध्यापासून काठापर्यंत एक सरळ रेघ मारा आणि तिच्यावर दर सेंटिमीटरला खूण करा. ही रेघ पुढे सगळ्यात कामाची आहे.

मग लेव्हल बघा, आणि ही पायरी खरंच गाळू नका. तबकडी फक्त १ अंश कललेली असली तरी उताराच्या दिशेने ०.१७ मीटर प्रति सेकंद वर्ग एवढं त्वरण फुकटात मिळतं, आणि आपलं नाणं जेमतेम २.४५ पर्यंत टिकणार आहे, म्हणजे ७ टक्क्यांची गडबड झालीच. कलली आहे का हे ओळखायचं सोपं आहे: पाचसहा वेळा नाणं घसरवा, दर वेळी ते खोलीच्या एकाच बाजूला असतानाच सुटत असेल तर टर्नटेबल त्या बाजूला उतरतं आहे.

कॅमेरा वरून, बरोबर मध्यावर लावा. २४० फ्रेमचा स्लो-मोशन असेल तर उत्तम, साध्या ३० फ्रेममध्ये सगळा खेळ १४ फ्रेममध्ये संपतो आणि मार्ग नीट काढता येत नाही.

घर्षण मोजा, पुस्तकातून घेऊ नका

घर्षणांक म्हणजे μ हा नाणं आणि कार्ड या जोडीचा असतो, एकट्या नाण्याचा नसतो. म्हणून तेच कार्ड एका फळीवर चिकटवा, नाणं ठेवा आणि फळी हळूहळू उचला. ज्या कोनाला नाणं सुटतं त्याचा टॅन म्हणजे स्थितिक घर्षणाचा μ. आपल्या उदाहरणासाठी तो कोन १४ अंश धरू, म्हणजे μ = ०.२५. दहा वेळा करा, कोन एखाद्या अंशाने इकडेतिकडे होणारच.

घसरत असतानाचं घर्षण थोडं कमी असतं. तेही याच फळीवर मिळतं: कमी कोनाला फळी धरून नाण्याला हलकी टिचकी मारायची, आणि ज्या कोनाला ते ना थांबतं ना वेग घेतं, एकसारखं सरकत राहतं, त्याचा टॅन घ्यायचा. आपण ११.३ अंश धरू, म्हणजे गतिक μ = ०.२०.

आता g = ९.८ ने गुणलं की नाण्याचं वस्तुमान हिशेबातून उडून जातं आणि दोन आकडे हातात राहतात: टिकून राहताना घर्षण जास्तीत जास्त २.४५ मीटर प्रति सेकंद वर्ग देऊ शकतं, आणि एकदा घसरायला लागल्यावर १.९६ देतं. वजनदार नाणं जास्त टिकेल असं सगळ्यांनाच वाटतं, पण तसं होत नाही. दोन नाणी एकमेकांवर चिकटवून बघा, त्याच जागी घसरतील.

आता तबकडीवर जाऊन बसा

इथे एक निर्णय घ्यायचा असतो. जमिनीवर उभं राहून गणित केलं तर आभासी बलं लागतच नाहीत, न्यूटनचे नियम आहेत तसे चालतात. मग लोक फिरत्या चौकटीच्या, म्हणजे तबकडीवर बसून गणित करायच्या, भानगडीत का पडतात? माझ्या मते या नाण्यापुरतं त्याचं एकच चोख उत्तर आहे, घर्षण. घसरणाऱ्या वस्तूवरचं घर्षण नेहमी पृष्ठभागाच्या तुलनेत ती ज्या दिशेने सरकते त्याच्या बरोबर उलट लागतं. इथे पृष्ठभाग म्हणजे तबकडी, आणि ती स्वतःच फिरतेय. जमिनीवरून बघितलं तर घर्षणाची दिशा काढायला दर क्षणी नाण्याच्या वेगातून तबकडीचा तिथला वेग वजा करत बसावं लागतं. तबकडीवर बसलात की ती कटकट संपली, नाणं ज्या दिशेला जातंय त्याच्या उलट १.९६, विषय संपला.

त्याची किंमत म्हणून दोन आभासी बलं पदरात घ्यायची.

पहिलं अपकेंद्री. त्याचं त्वरण ω²r, इथे ω म्हणजे तबकडीचा फिरण्याचा वेग रेडियन प्रति सेकंदात आणि r म्हणजे मध्यापासूनचं अंतर, दिशा कायम मध्यापासून थेट बाहेर. नाणं स्थिर असो की घसरत असो, हे असतंच.

दुसरं कोरिऑलिस. त्याचं त्वरण 2ωv, इथे v म्हणजे तबकडीच्या तुलनेतला वेग, जमिनीच्या तुलनेतला नव्हे, इथेच निम्मे लोक आपटतात. नाणं तबकडीवर स्थिर असेल तर हे शून्य. दिशा वेगाला काटकोनात. कुठल्या बाजूला? तबकडी वरून बघताना घड्याळाच्या उलट दिशेला फिरत असेल तर चालत्या नाण्याच्या उजवीकडे, घड्याळाच्या दिशेला फिरत असेल तर डावीकडे. रेकॉर्ड प्लेअर घड्याळाच्या दिशेलाच फिरतात, म्हणून आपल्या नाण्यासाठी डावीकडे. भूगोलात उत्तर गोलार्धासाठी पाठ केलेलं "उजवीकडे" इथे डोक्यातून काढून टाका, उत्तर ध्रुवावरून बघितलं तर पृथ्वी घड्याळाच्या उलट फिरते म्हणून तिथे उजवीकडे असतं.

कोरिऑलिस हे नाव हवेच्या अभ्यासातून आलंय असा बऱ्याच जणांचा समज असतो. गास्पार-गुस्ताव्ह कोरिऑलिसचा १८३५ चा लेख फिरत्या यंत्रांबद्दल होता, पाणचक्कीसारख्या, त्यामुळे तबकडी हे तसं या बलाचं माहेरच म्हणायला हरकत नाही.

या दोन्ही बलांना "आभासी" म्हणतात कारण ती कुणी लावत नाही. नाण्यावर घर्षण लावणारं कार्ड आहे, त्या कार्डावर नाण्याचं उलट बलही आहे. अपकेंद्री बलाला असा जोडीदार शोधायला गेलात तर सापडत नाही. जमिनीवर उतरलात की ही बलं गायब होतात, घर्षण मात्र दोन्हीकडे तेच, १.९६ म्हणजे १.९६.

एक तिसरं आभासी बलही आहे, तबकडीचा वेग बदलत असेल तरच लागतं, त्याच्याकडे थोड्या वेळाने येतो.

चिन्हं बरोबर आहेत का, आधी तपासा

आकडेमोडीला हात घालायच्या आधी ही एक छोटी परीक्षा घ्या, नंतरचे दोन तास वाचतात. नाणं तबकडीवर ठेवूच नका, मध्यापासून १०.५ सेंटिमीटरवर हातात धरून तबकडीच्या केसभर वर ठेवा. जमिनीवरून नाणं ढिम्म स्थिर आहे. तबकडी ४५ च्या वेगाने फिरतेय, म्हणजे मिनिटाला ४५ फेरे, म्हणजे ω = ४.७१२ रेडियन प्रति सेकंद, आणि ω² = २२.२.

तबकडीवर बसलेल्याला मात्र हे नाणं उलट दिशेने गोल गोल फिरताना दिसतं, वेग ωr = ०.४९५ मीटर प्रति सेकंद. गोल फिरायचं तर मध्याकडे ω²r = २.३३ एवढं त्वरण हवं. आता आभासी बलं मांडा: अपकेंद्री २.३३ बाहेर. कोरिऑलिस 2ωv = ४.६६, नाणं घड्याळाच्या उलट फिरताना दिसतंय आणि त्याची डावी बाजू म्हणजे मध्याची बाजू, म्हणून ४.६६ आत. बेरीज २.३३ आत. जुळलं.

इथे बघा, नुसतं अपकेंद्री बल धरून बसलात तर स्थिर नाणं बाहेर पळायला हवं असं निघतं. कोरिऑलिसशिवाय फिरती चौकट अर्धीच आहे. तुमची परीक्षा जुळली नाही तर बहुतेक वेळा एकतर डावं-उजवं चुकलेलं असतं नाहीतर सूत्रातला 2 राहिलेला असतो.

नाणं कुठे सुटेल

स्थिर नाण्यावर कोरिऑलिस नाही, त्यामुळे हा हिशेब एका ओळीचा आहे. अपकेंद्री त्वरण घर्षणाच्या मर्यादेएवढं झालं की सुटलं:

r = μg/ω²

४५ च्या वेगाला २.४५ भागिले २२.२, म्हणजे ११.० सेंटिमीटर. त्याच्या बाहेर नाणं टिकणार नाही. ३३⅓ च्या वेगाला हीच त्रिज्या २० सेंटिमीटर येते, म्हणजे १५ सेंटिमीटरच्या तबकडीवर नाणं कुठेही ठेवा, जागचं हलणार नाही. खूप जणांचा प्रयोग इथेच "चालत नाही" म्हणून बंद पडतो, वेगाचं बटण ४५ वर करायचं राहून गेलेलं असतं. ७८ चा वेग असेल तर ३.७ सेंटिमीटर, वेग दुप्पटही झाला नाही पण वर्गामुळे त्रिज्या एक तृतीयांश झाली.

आणि घर्षण मोजताना एका अंशाची चूक झाली तर? १३ अंशाला १०.२ सेंटिमीटर, १५ अंशाला ११.८. म्हणजे तुमचं उत्तर ११ च्या आसपास पाऊण सेंटिमीटर पुढेमागे आलं तर हळहळू नका, यापेक्षा जास्त नेमकेपणा या प्रयोगात नाहीच.

अजून एक त्रिज्या काढून ठेवा, गतिक घर्षणाची: १.९६ भागिले २२.२ म्हणजे ८.८ सेंटिमीटर. ८.८ ते ११ हा पट्टा मला या सगळ्या प्रयोगात सगळ्यात आवडतो. इथे नाणं शांत बसून राहतं, पण टर्नटेबलच्या बॉडीवर बोटाने टक केलं की सुटतं आणि मग थांबत नाही, कारण एकदा सरकलं की पकड २.४५ वरून १.९६ वर येते आणि अपकेंद्री बल तिच्यापेक्षा जास्त असतं. ८.८ च्या आत टक केलं तर जरासं सरकून परत थांबतं. गतिक μ बरोबर मोजलाय का याची ही आयती तपासणी.

सुरू करतानाचा घोटाळा

नाणं १२ सेंटिमीटरवर ठेवून मोटर सुरू केली तर ते ४५ पर्यंत पोचायच्या आधीच, साधारण ४३ ला सुटतं. तेव्हा तबकडी अजून वेग घेत असते आणि तेच ते तिसरं आभासी बल, ऑयलरचं. त्याचं त्वरण म्हणजे ω बदलण्याचा दर गुणिले r, दिशा फिरण्याच्या उलट. तबकडी १ सेकंदात ४५ चा वेग घेत असेल तर १२ सेंटिमीटरवर ते ०.५७ येतं. अपकेंद्री साधारण अडीचच्या घरात असताना हे ०.५७ आडवं लागलं तर नाणं निघतानाच रेघेपासून तेराएक अंश मागे झुकून निघतं, आणि माणूस म्हणतो बघा कोरिऑलिस! पण सुटायच्या क्षणी वेग शून्य आहे, कोरिऑलिस शून्यच असणार. व्हिडिओत नाणं पहिल्या दोनचार फ्रेमपासूनच तिरकं निघत असेल तर तबकडी अजून वेग घेत होती असं समजा.

यातून वाट सोपी आहे. नाणं १०.५ सेंटिमीटरवर ठेवा, मघाच्या पट्ट्यात. मोटर सुरू करा, वेग घेताना ते टिकतं कारण दोन्ही बलं मिळून २.३८ पर्यंतच जातात. चारपाच फेरे होऊ द्या, वेग स्थिर झाला की बॉडीवर हलकी टक मारा.

काठापर्यंतचा प्रवास

तबकडीवरची रेघ म्हणजे x अक्ष, नाण्याच्या डावीकडे y. घड्याळाच्या दिशेने फिरणाऱ्या तबकडीसाठी समीकरणं अशी:

ax = ω²x − 2ωvy − 1.96 vx/v

ay = ω²y + 2ωvx − 1.96 vy/v

पहिलं पद अपकेंद्री, दुसरं कोरिऑलिस, तिसरं घर्षण. घर्षणाच्या पदामुळे हे कागदावर सुटत नाही, छोटे छोटे टप्पे घेत जावं लागतं. हातानेही होतं, मी एकदा ०.०५ सेकंदाचे टप्पे घेऊन वहीवर केलं होतं, पण एवढा कोड पुरतो:

```python
from math import hypot
w, f, dt = 4.712, 1.96, 0.0005
x, y, vx, vy, t = 0.105, 0.0, 1e-6, 0.0, 0.0
while hypot(x, y) < 0.15:
    v = hypot(vx, vy)
    ax = w*w*x - 2*w*vy - f*vx/v
    ay = w*w*y + 2*w*vx - f*vy/v
    vx += ax*dt; vy += ay*dt
    x += vx*dt; y += vy*dt
    t += dt
print(t, x, y, hypot(vx, vy))
```

सुरुवातीचा वेग अगदी शून्य ठेवला तर शून्याने भागाकार होतो, म्हणून तो बारीकसा 1e-6 दिलाय, उत्तरावर त्याचा परिणाम नाही.

आता गोष्ट अशी घडते. सुटताना अपकेंद्री २.३३ बाहेर, घर्षण १.९६ आत, उरतं फक्त ०.३७. नाणं रेघेवरूनच बाहेर निघतं, अगदी आळसात. ०.१ सेकंदानंतर ते जेमतेम २ मिलिमीटर सरकलंय, वेग सेकंदाला ४ सेंटिमीटरही नाही, कोरिऑलिस ०.३६. रेघेपासून बाजूला गेलंय म्हणायचं तर ०.२ मिलिमीटरपेक्षाही कमी, डोळ्याला कळत नाही.

०.३ सेकंदाला चित्र बदललेलं असतं. त्रिज्या १२.२ सेंटिमीटर, वेग ०.१३, कोरिऑलिस १.२३, रेघेपासून ५ मिलिमीटर डावीकडे. डावीकडे म्हणजेच मागे, तबकडी घड्याळाच्या दिशेने पुढे चाललीय आणि नाणं मागे पडतंय.

०.४७ सेकंदाला नाण्याचा मध्य काठावर पोचतो. तबकडीच्या तुलनेत वेग ०.२५ मीटर प्रति सेकंद, कोरिऑलिस २.३, अपकेंद्री ३.३. रेघेपासून मागे पडलंय ८.६ अंश, म्हणजे काठावर मोजलं तर २२ मिलिमीटर. जाण्याची दिशा तिथल्या त्रिज्येशी तेहतीसएक अंश मागे वळलेली. व्हिडिओत तबकडी फिरवून फिरवून रेघ दर फ्रेमला एकाच जागी आणलीत की हाच वाकडा मार्ग दिसायला हवा.

इथे एक गोष्ट मला बराच काळ खटकायची. कोरिऑलिस वेगाला काटकोनात असतं म्हणून ते काम करत नाही, ऊर्जा देतही नाही घेतही नाही. मग ते सोडून दिलं तर काठावरचा वेग तोच यायला हवा ना? करून बघितलं तर कोरिऑलिसशिवाय ०.२८ येतो, सोबत ०.२५. कारण घर्षण. फिरत्या चौकटीत ऊर्जेचा हिशेब असा आहे:

v²/2 = ω²(r² − r₀²)/2 − 1.96 s

अपकेंद्री बलाचं काम फक्त सुरुवातीच्या आणि शेवटच्या त्रिज्येवर ठरतं, ते इथे ०.१२७. पण s म्हणजे कार्डवर घासत गेलेलं एकूण अंतर. सरळ गेलं असतं तर ४५ मिलिमीटर, वळत गेल्यामुळे ४९.५ मिलिमीटर झालं. कोरिऑलिसने स्वतः काही खाल्लं नाही, नाण्याला लांबच्या वाटेने नेलं आणि जास्तीचं घर्षणाने खाल्लं. हे समीकरण तुमच्या कोडच्या उत्तराची तपासणी म्हणूनही वापरा: प्रत्येक टप्प्याला v × dt बेरीज करत s काढा, दोन्ही बाजू जुळल्या पाहिजेत.

परत जमिनीवर

०.४७ सेकंदात तबकडी १२७ अंश फिरली. नाणं तिच्या ८.६ अंश मागे, म्हणजे जमिनीवरून बघणाऱ्याला ते ११८ अंश गोल फिरत फिरत हळूहळू बाहेर आलेलं दिसतं. सुरुवातीचं "स्पर्शिकेच्या दिशेने जातं" हे वाक्य आता या आकड्याशेजारी ठेवून बघा. स्पर्शिकेने गेलं असतं तर काठावर पोचेपर्यंत ते फक्त ४५.६ अंश पुढे गेलं असतं, आणि तेही ०.२२ सेकंदात. पण ते घर्षण अचानक शून्य झालं तरच. खरं घर्षण नाण्याला तबकडीसोबत ओढत राहतं. काठावरून सुटल्यावर नाणं सरळ जातं हे खरं, पण तेव्हाही तिथल्या स्पर्शिकेशी साधारण २० अंश बाहेर झुकून, कारण त्याच्याकडे आडवा वेग ०.५७ आणि बाहेरचा ०.२१ असतो.

घर्षण शून्य धरून फिरत्या चौकटीतला मार्ग काढला तर तो कागदावर सुटतो आणि फार देखणा निघतो. r₀ त्रिज्येच्या रिळावर गुंडाळलेला दोरा ताणून उलगडत गेलं तर दोऱ्याचं टोक जी वक्ररेषा काढतं, अगदी तीच. नाणं निघताना बरोबर त्रिज्येच्या दिशेने निघतं आणि मग मागे वळतं. म्हणजे जमिनीवरचा "स्पर्शिका" म्हणतो आणि तबकडीवरचा "सरळ बाहेर" म्हणतो, दोघं एकाच सरळ रेषेबद्दल बोलत असतात. कोडमध्ये f = 0 करून बघा: मागे पडलेला कोन १२.९ अंश, वेग ०.५० यायला हवा.

जुळलं नाही तर

सगळ्यात आधी गतिक μ कडे बघा. सुटतानाचं त्वरण म्हणजे दोन जवळजवळ सारख्या आकड्यांची वजाबाकी आहे, त्यामुळे μ ०.२० ऐवजी ०.१९ निघाला तर ०.३७ चं थेट ०.४७ होतं आणि वेळ बरीच कमी येते. मागे पडलेल्या कोनावर आणि मार्गाच्या आकारावर जास्त भरवसा ठेवा, वेळेवर कमी. तसंही तुमच्या टिचकीने नाण्याला थोडा वेग मिळालेला असतो आणि घड्याळ कधी सुरू करायचं हेच नक्की सांगता येत नाही. कोडमधला t व्हिडिओशी जुळवायचा तर नाणं ११ सेंटिमीटरच्या खुणेवर असतानापासून काठापर्यंतची वेळ दोन्हीकडे मोजा.

नाणं थोडं जाऊन थांबलं तर कार्डवर धूळ किंवा बोटांचा तेलकटपणा आहे. मार्ग दिसावा म्हणून पावडर टाकायचा मोह होतो, टाकू नका, μ बदलतो आणि तोही जागोजागी वेगळा. नाणं रेघेच्या उजवीकडे गेलं तर व्हिडिओ आरशासारखा उलटा झालाय का बघा, सेल्फी कॅमेऱ्याने हा घोळ होतो.

आपण नाण्याला एक बिंदू धरलंय हेही ध्यानात असू द्या. खरं नाणं सरकताना स्वतःभोवती थोडं फिरतं, आणि काठाशी त्याचा अर्धा भाग बाहेर आला की ते कलतं, तिथून पुढे ही समीकरणं लागू नाहीत. म्हणून मोजमाप नाण्याच्या मध्यावर घ्या, त्यावर मार्करने एक ठिपका काढा, आणि काठाच्या अलीकडे एक सेंटिमीटरवरच थांबा, म्हणजे कोडमध्ये 0.15 च्या जागी 0.14.